पावरी शिकवायची नाही

हे सगळं घडलं २०२४ साली, पावसाळा सरून दिवाळी यायच्या सुमारास. नंदुरबारच्या बाहेर पथारींवर मिरची वाळायला पडली होती. त्या दिवसांत घराची दारं लावली तरी ठसका थांबत नाही. मी अंगणात बसून शिंकत होते, तेव्हा फाटकापाशी एक मुलगी आणि तिच्यामागे डोक्याला फडकं गुंडाळलेला माणूस येऊन उभा राहिला.

“रुक्मिणीबाई वकील इथंच राहतात का?”

“राहतात. काळा कोट खुंटीला टांगलाय, पण राहतात,” मी म्हटलं.

मुलीचं नाव रिना. धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची, पावरा समाजाची. बरोबर तिचे मामा इंद्रसिंग. पहाटेच्या जीपनं चांदसैलीचा घाट उतरून आले होते. मामांच्या सदऱ्यावर घाटाची लाल धूळ तशीच होती. रिनानं पाणी प्यायच्या आधी पिशवीतून कागद काढला. पुण्याच्या एका वकिलानं कंपनीच्या वतीनं पाठवलेली ती नोटीस होती.

मी चष्मा पुसून वाचली. ‘तोंडओळख’ नावाची कंपनी. मोबाइलवर लोकांना बोलीभाषा शिकवते. रिना दोन वर्षं त्यांची पावरीची शिक्षिका होती. नोटिशीत म्हटलं होतं, तुम्ही आमच्या अटी ‘मान्य आहे’ हे बटण दाबून स्वीकारल्यात. अट अकरानुसार करार चालू असताना, आणि संपल्यावर तीन वर्षं, भारतात कुठेही, कोणत्याही प्रकारे तुम्हाला पावरी शिकवता येणार नाही. तरी तुम्ही धडगावात एका न्यासाच्या दवाखान्यात वर्ग सुरू केलात. तो ताबडतोब थांबवा, अन्यथा पाच लाख रुपये भरा. वाद झाला तर लवाद आम्ही नेमू, आणि तो पुण्यात बसेल.

“आमची बोली आम्हीच शिकवायची नाही?” रिना म्हणाली. तिचं मराठी शाळेतलं, स्वच्छ होतं. “बाई, हे खरं धरायचं का?”

“काही खरं, काही नाही. कोणतं कोणतं, ते आधी बघू. वर्गाचं सांग.”

ती सांगत गेली. न्यासाचे दवाखाने डोंगरात पाड्यापाड्यांवर आहेत. तिथं येणाऱ्या नर्स खालच्या गावांतल्या, कुणी शहाद्याच्या, कुणी नाशिककडच्या. रिनाची आजी दिवलीबाई एकदा चक्कर येते म्हणून दवाखान्यात गेली आणि खोकल्याचं औषध घेऊन परतली. आजी घरी येऊन हसली होती म्हणे. “बाटली गोड आहे, पण डोकं फिरायचं ते फिरतंच,” असं म्हणाली. रिना हसली नाही. तिनं तेव्हाच ठरवलं, की नर्सना पावरी शिकवायची. तशात ‘तोंडओळख’ची जाहिरात दिसली, म्हणून तिथं लागली. पण तिथं शिकणारे सगळे दूरचे. कुणी हौसेनं, कुणी परीक्षेसाठी. डोंगरातल्या दवाखान्यापर्यंत त्यांतलं कुणी पोचलं नाही. दरम्यान आजी वारली. मग या वर्षी न्यासाच्या सचिव कामिनीताईंनी बोलावलं. नव्या नर्सची तुकडी आली होती. डिसेंबरात त्या आपापल्या दवाखान्यांवर जाणार होत्या. त्याआधी शिकवून व्हायला हवं होतं.

“एकच वर्ग झाला. मग हे आलं. एक प्रत कामिनीताईंना पण गेली. त्या म्हणाल्या, तुझं निस्तरून ये, मगच दार उघडते.”

एवढ्यात राजेंद्र आला. माझ्या भावाचा मुलगा. मी कोर्टात जाणं कमी केल्यापासून माझी वकिली तोच चालवतो. मला फुई म्हणतो, म्हणजे आत्या. ‘आहे’ला आम्ही ‘शे’ म्हणतो, तसंच. त्यानं उभ्याउभ्याच नोटीस वाचली आणि रिनाला पहिला प्रश्न विचारला, “बटण कोणी दाबलं?”

रिना आणि मामा एकमेकांकडे बघायला लागले.

त्यांच्या पाड्यात मोबाइलला रेंज मिळत नाही. वर एक टेकाड आहे, तिथं मिळते, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. बरा मोबाइल इंद्रसिंगमामांचाच. कुणाचं रेशनचं काम, कुणाची शिष्यवृत्ती, कुणाच्या ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप, सगळं त्या एका मोबाइलवर. टेकाडावर रांग लागते. पडद्यावर बटण उमटलं की मामा ओरडतात, “आलं, आलं, दाब!” आणि समोरच्यानं दाबायचं. कुणी घाबरलं तर मामाच दाबतात. रेंज गेली की पुन्हा सगळं पहिल्यापासून, म्हणून वाचत बसायची तिथं रीतच नाही. रिनाचं खातंही त्याच मोबाइलवर उघडलेलं. सांकेतिक क्रमांक आला तोही मामांच्याच नंबरावर.

राजेंद्रचे डोळे चमकले. “फुई, मग सोपं शे! नंबर मामांचा, मोबाइल मामांचा. आपण म्हणायचं, हिनं दाबलंच नाही. टेकाडावर मामा सगळ्यांचं दाबतात हे अख्खा पाडा सांगेल. कंपनीनं सिद्ध करावं की बोट हिचं होतं!”

मामा मान हलवायला लागले होते. रिना त्यांच्याशी पावरीत भरभर काहीतरी बोलली. मामांची मान थांबली.

“मी दाबलं,” ती आम्हाला म्हणाली. “मामा ओरडले, पण बोट माझं होतं. मला शिक्षिका व्हायचं होतं. दोन वर्षं मी रिना म्हणून धडे दिले, मानधन घेतलं. आता म्हणू मी नव्हतेच? उद्या मामांना विचारतील, तुम्ही दुसऱ्याच्या नावानं अंगठे देता का? मग टेकाडावर कुणाचं काम होईल?”

“वाचलं होतंस?” मी विचारलं.

“टेकाडावर पान पूर्ण उतरलंच नाही. वर पांढरं, खाली हिरवं बटण. पण नंतर धडगावात ईमेलवर आलं होतं. तेव्हा वाचता आलं असतं. नाही वाचलं.”

“पोरी, तू वकिलाचं काम अवघड करतेस,” राजेंद्र कुरकुरला.

“अवघड नाही, सरळ करतेय,” मी म्हटलं. मला ती मुलगी त्या क्षणी फार आवडली. “राजू, ऐक. मोबाइलवर दाबलं म्हणून करार होत नाही, असं म्हणायचे दिवस गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम दहा-अ आहे. करार यंत्रावर झाला, एवढ्यावरून तो फेटाळता येत नाही. अटी समोर ठेवल्या, मान्य म्हणायला वेगळं बटण दिलं, तिनं दाबलं, त्यावर दोन वर्षं काम झालं. करार झाला. न वाचणं ही सबब नाही. अंगठ्याच्या काळातही नव्हती. आपण करार झाला असंच म्हणायचं. भांडायचं ते अटींशी.”

अंगठा म्हटलं आणि मला भिला मास्तर आठवला. तो आठवला की सनई-क्लॅरिनेटचा आवाजही आठवतो, त्याला माझा इलाज नाही.

तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. आम्ही धुळ्याचे. जिल्हा कोर्टाचं काम असलं की पहाटेची एस.टी. धरून धुळ्याला जायचं, बॅगेत फाइल आणि दशम्या. मी नवीन होते. कोर्टात बाई वकील दिसली की पक्षकार मागच्या बाजूला वकील शोधायचे. माझे वरिष्ठ अमृत वकील. त्यांच्याकडे शहाद्याचा एक क्लॅरिनेटवाला आला, भिला नावाचा. त्यानं एका बँडमालकाकडे काम धरताना स्टॅम्पपेपरवर अंगठा दिला होता: नोकरी सोडल्यावर पाच लग्नसराया दुसऱ्या कोणत्याही बँडमध्ये वाजवणार नाही. मालकानं मनाई मागितली होती. भिला म्हणत होता, शाई माझी नव्हती म्हणा, अंगठा मालकानं धरून उमटवला म्हणा. अमृत वकील पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, “अंगठा तुझाच शे भाऊ, तो कबूल कर. अंगठा कागदावर गेला, फुप्फुस नाही गेलं.” मग करार कायद्याचं सत्ताविसावं कलम काढून माझ्यापुढं ठेवलं: कायदेशीर व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून कुणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. मी ते इतक्यांदा वाचलं की आजही झोपेत म्हणेन. धंद्याची पत, म्हणजे त्याचा नावलौकिक, विकली असेल तर अपवाद आहे. भिलानं काही विकलं नव्हतं. निकाल आमच्या बाजूनं लागला. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात भिला मास्तर वाजवायला आला आणि पैसे घेतले नाहीत म्हणून सासरे रुसले.

कायदा १८७२ चा आहे. तेव्हा मोबाइल नव्हता, बँडही नसेल. पण कलम अजून तेच आहे.

“म्हणजे मी उद्यापासून शिकवू?” रिना उठायलाच लागली.

“बस. आधी सांग, कंपनी सोडलीस कशी?”

“ॲप काढून टाकलं.”

“कोणी?”

मामा घसा खाकरून बोलले. त्यांच्या मोबाइलमध्ये जागा उरत नसे. पाड्यातल्या सगळ्यांची ॲप त्यातच. होळीच्या आधी नाचाचे फोटो काढायचे म्हणून मामांनी सगळ्यांना विचारलं, कुणाचं काय नको? ज्याचं काम झालं त्याचं ॲप उडवलं. रिनानंही सांगितलं, माझं काढा, मला आता तिथं शिकवायचं नाही. मामांच्या हिशोबी विषय संपला. टेकाडावर सगळे तसंच समजत. ॲप गेलं म्हणजे नातं तुटलं.

राजेंद्र कपाळाला हात लावून हसला. मी अटींची पानं उलटली. अट नऊ: करार संपवायचा तर कंपनीला ईमेलनं पंधरा दिवसांची सूचना द्यावी. ॲप मोबाइलमधून काढल्यानं करार संपत नाही. हे वाक्य त्यांनी वेगळं लिहिलं होतं. म्हणजे आधीही कुणीतरी असं केलं असणारच.

“ऐक, रिना,” मी म्हटलं. “इथं आपली बाजू लंगडी आहे. तुझा करार अजून जिवंत आहे. जिवंत असताना दुसरीकडे शिकवू नको, ही अट साधारणपणे टिकते. एका वेळी एका घरचं काम, एवढंच ते मागतात, आणि कोर्ट त्याला सहसा नाही म्हणत नाही. संपल्यावरची तीन वर्षं मात्र टिकत नाहीत. सत्ताविसाव्या कलमाचा जोर तिथं आहे. तेव्हा आज, इथून, सूचना पाठवायची. आणि मुदत संपेपर्यंत त्या दवाखान्यात एक शब्दही शिकवायचा नाही.”

“पण नर्स डिसेंबरात जातील! आधीच दिवाळीची सुट्टी—”

“एकही शब्द नाही. रस्त्यात भेटली आणि नमस्काराला काय म्हणतात विचारलं, तरी मराठीत सांग.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. तिनं ते पुसलं, राजेंद्रच्या लॅपटॉपसमोर बसली आणि स्वतःच चार ओळींचं पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचलं. बटणावर बोट ठेवून मामांकडे बघून म्हणाली, “मामा, ओरडू नका. या वेळी वाचलंय.”

मामा इतके खळाळून हसले की शेजारच्या निर्मलाबाई भिंतीवरून डोकावल्या.

राजेंद्रनं नोटिशीला उत्तर लिहिलं. मी तीन गोष्टी घालायला लावल्या. करार झाला हे मान्य. पाच लाख हा आकडा कंपनीनं मनानं लिहिलाय. चौऱ्याहत्तराव्या कलमाप्रमाणे फार तर वाजवी भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा, आणि एका वर्गानं त्यांचं काय नुकसान झालं ते त्यांनी दाखवावं. आणि लवाद एकट्या कंपनीनं नेमणं आम्हाला मान्य नाही. ज्याचं भांडण त्यानंच पंच नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयानंही चालू दिलेलं नाही. लवाद हवा तर दोघांच्या संमतीनं किंवा कोर्टाकडून. रिनाला हे तिसरं लगेच पटलं. “आमच्या पाड्यात पण एकाच बाजूचे पंच बसले तर कुणी दारूची धार जमिनीवर सोडू देत नाही,” ती म्हणाली. पंचांचा निवाडा पक्का झाला की त्यांच्यात तशी धार सोडतात.

मग मी धडगावला गेले. राजेंद्र म्हणाला, “फुई, या वयात घाट?” मी म्हटलं, “घाट माझ्यापेक्षा म्हातारा शे, तो रोज उभा राहतो ना!”

कामिनीताई शहाद्याच्या, पाटलांच्या घरातल्या, हुशार बाई. पण घाबरलेल्या.

“मावशी, न्यासावर दावा झाला तर दवाखाने बंद पडतील. मी तिला सांगितलं, दुसरं कुणी शिकवेल. तू बाजूला बस.”

“दुसरं कोण?”

नर्सना घरी बोलल्यासारखी पावरी शिकवणारं, शिवाय मराठीत समजावून सांगणारं, धडगावात दुसरं कुणी त्यांना मिळालं नव्हतं.

“कोर्टाचा कागद आणा,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुमच्या तोंडाच्या शब्दावर नाही. कोर्टाच्या कागदावर मी त्याच दिवशी वर्ग उघडते.”

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी स्वतःची अट स्पष्ट सांगितली होती.

कागद आणायची वेळ कंपनीनंच आणली. त्यांनी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला: लवादापुढं प्रकरण जाईपर्यंत रिनाला पावरी शिकवायला तूर्त मनाई करा. दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख पडली. तोवर रिनाच्या सूचनेची मुदत संपलेली होती. ती तेवढे दिवस खरोखर गप्प बसली. नंतर कळलं, दवाखान्याच्या दारात एका नर्सनं तिला एका म्हातारीचं बोलणं काय आहे विचारलं. तेव्हा रिनानं दुभाषाचं काम केलं, म्हातारीचं दुखणं मराठीत सांगितलं, पण शब्द शिकवला नाही. “औषध तर बरोबर जायला हवं,” ती मला म्हणाली.

पुण्याला जायची गरज पडली नाही. नंदुरबारच्या कोर्टातल्या ई-सेवा केंद्रातून पडद्यावर हजर राहायची परवानगी आम्ही मागून घेतली. मी खुंटीवरचा कोट काढला. राजेंद्र म्हणाला, “फुई, मी बोलतो ना.” मी म्हटलं, “तू माइक चालू-बंद कर.”

पडद्यावर न्यायाधीश बाई दिसल्या, चष्मा नाकावर, समोर फाइलींचा ढीग. कंपनीचे वकील पवन नावाचे तरुण गृहस्थ होते. तयारी जबरदस्त. कोणत्या दिवशी, कोणत्या नंबरावरून, कोणत्या आवृत्तीच्या अटींवर बटण दाबलं गेलं याची नोंद, तिच्यासोबत कायद्याला लागतं ते प्रमाणपत्र, सगळं जोडलेलं. त्यांना वाटत होतं आम्ही नाकारणार. त्यांनी एकेक पान वाचायला सुरुवात केली.

मी राजेंद्रच्या पाठीवर टिचकी मारली. माइक चालू झाला.

“महोदया, कोर्टाचा वेळ वाचवते. बटण माझ्या पक्षकारानं स्वतः दाबलं. अटी बघायची संधी तिला मिळाली होती. करार झाला. आम्हाला मान्य.”

पवन वकिलांचं बोट पानावरच राहिलं. न्यायाधीश बाईंनी प्रथमच पडद्याकडे नीट पाहिलं.

“मग तुमचा आक्षेप कशाला?”

“अट अकराच्या अर्ध्या वाक्याला. तिचे दोन तुकडे आहेत. ‘करार चालू असताना’ हा एक. तो आम्ही पाळला. सूचना दिली त्या दिवसापासून मुदत संपेपर्यंत ती वर्गात गेलेली नाही. ‘संपल्यावर तीन वर्षं’ हा दुसरा. तो करार कायद्याच्या कलम सत्तावीसच्या विरुद्ध आहे. करार आता संपलाय.”

“सूचनेआधी एक वर्ग घेतला होता,” पवन म्हणाले.

“घेतला होता. त्याचं नुकसान काय झालं ते तुम्ही योग्य ठिकाणी सिद्ध करा. झालेल्या वर्गाला आज मनाई करून काय उपयोग?”

पवन सावरले. हार मानणारे नव्हते. “महोदया, ही मनाई अवाजवी नाही. फक्त तीन वर्षं, फक्त एक भाषा. कंपनीनं प्रशिक्षण दिलं, पद्धत दिली. कंपनीची गुपितं—”

“कोणतं गुपित?” न्यायाधीश बाईंनी विचारलं. “भाषा?”

“भाषा तिनं कंपनीला दिली, महोदया,” मी म्हटलं. “कंपनीनं तिला नाही. आणि मनाई वाजवी की अवाजवी, हा प्रश्न करार संपल्यावरच्या बंदीला आपल्याकडे लागूच होत नाही. कलमात अपवाद आहे तो धंद्याची पत विकणाऱ्यासाठी. तिनं काही विकलेलं नाही.”

तेवढ्यात आमचा आवाज गेला. पडद्यावर सगळे गोठले. इंद्रसिंगमामा मागच्या बाकावरून उठले आणि सवयीनं ओरडले, “गेलं, गेलं!” केंद्रातल्या कर्मचाऱ्यानं तार हलवली. आवाज परत आला तेव्हा न्यायाधीश बाई विचारत होत्या, “प्रतिवादी शिक्षिका हजर आहेत का?”

रिना पुढं आली.

“कंपनीचे धडे, त्यातली चित्रं, ध्वनिमुद्रणं तुम्ही नव्या वर्गात वापरणार आहात का? अट बारा त्याविषयी आहे. ती मला वेगळी दिसते.”

रिनानं माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न आम्ही आधीच बोललो होतो. त्या धड्यांमध्ये तिच्या आजीचा आवाज होता. दिवलीबाईंनी दुखण्याचे शब्द सांगितले होते: डोकं जड होणं, पोटात पीळ पडणं, बाळंतपणातली कळ. रिनानं आजीला टेकाडावर नेऊन ते थेट ॲपमध्ये वदवून घेतलं होतं. दुसरीकडे कुठंही ठेवलं नव्हतं. घरात तिच्या आवाजाचा दुसरा तुकडा नव्हता. नर्सना शिकवायला त्याहून चांगलं काही मिळालं नसतं. पण ती मुद्रणं कंपनीकडेच राहतील, बाहेर वापरता येणार नाहीत, हे अट बारामध्ये साफ लिहिलं होतं. धंद्याची बंदी वेगळी आणि दिलेली वस्तू परत उचलणं वेगळं. मी तिला सांगितलं होतं, ही अट टिकायची शक्यता मोठी.

“नाही वापरणार,” रिना म्हणाली. आवाज बारीक होता, पण पोचला. “ते मी दिलेलं आहे. मला फक्त माझ्या तोंडानं शिकवायचंय.”

न्यायाधीश बाईंनी तिची हमी नोंदवून घेतली. निकाल पुढच्या आठवड्यात आला, दोन पानांचा. करार प्रथमदर्शनी वैध. करारानंतरची बंदी प्रथमदर्शनी कलम सत्तावीसखाली रद्दबातल, त्यामुळे तूर्त मनाई नाही. कंपनीचं साहित्य न वापरण्याची हमी रिनावर बंधनकारक. नुकसानीचा प्रश्न खुला.

मी भिला मास्तरची आठवण काढून चहात जास्त साखर घातली.

रिना तो कागद घेऊन त्याच दुपारी घाट चढली. कामिनीताईंनी दोन्ही पानं वाचली, किल्ल्या काढल्या आणि स्वतः सतरंजी अंथरली. नर्स डिसेंबरात निघण्याआधी जेवढे दिवस उरले, तेवढे सगळे दिवस सकाळ-संध्याकाळ वर्ग भरला. उरलेलं रिनानं नंतर पाड्यापाड्यांवर जाऊन पुरं केलं. पहिल्या दिवशी एका नर्सनं विचारलं म्हणे, “ताई, ॲपवर एका आजीचे शब्द आहेत, फार छान. ते लावू का?” रिना म्हणाली, “नको. मी सांगते, तसंच म्हणा.” आणि आजीच्या चालीत तिनं ते शब्द एकेक करून सांगितले.

आता बाकीच्यांचं सांगायचं.

कंपनीनं नुकसानीचा दावा केला नाही, लवादही बसला नाही. पुढच्या वर्षी राजेंद्रनं त्यांच्या अटींचं पान उघडून बघितलं तर ‘संपल्यावर तीन वर्षं’ हे शब्द गेले होते. अट बारा जशीच्या तशी आहे.

पवन वकिलांनी त्या कंपनीचं काम सोडल्याचं ऐकलं. सोडण्याआधी त्यांनी कंपनीची लेखी परवानगी घेऊन रिनाला आजीच्या मुद्रणांची एक प्रत पाठवली, फक्त घरी ऐकण्यासाठी. मोठ्या मनाचा मुलगा.

कामिनीताई अजून सचिव आहेत. हल्ली कुणाशीही करार करताना संपल्यानंतरच्या अटी आधी वाचतात, आणि मला फोन करून छळतात.

राजेंद्रची वकिली वाढली. शिक्षिका, गाडीवाले, घरपोच माल नेणारी पोरं, सगळे मोबाइल उघडून येतात. तो पहिला प्रश्न अजून तोच विचारतो, बटण कोणी दाबलं? पण दुसरा प्रश्न विचारायला शिकलाय: सोडलंत कसं?

इंद्रसिंगमामांनी नवा मोबाइल घेतला, भरपूर जागेचा. टेकाडावर ते अजून ओरडतात. आधी मात्र विचारतात, “वाचायचं आहे का कुणाला?” बहुतेक जण नाही म्हणतात. ॲप काढायचं म्हटलं की ते आता हात आवरतात: “आधी पत्र टाक.”

मी कोट परत खुंटीला टांगला.

रिना शिकवते. आजीच्या आवाजाची प्रत हाती आली, पण ती तिनं वर्गात कधी लावली नाही, कुणी तपासणारं नसतानाही. मी धडगावला गेले की तिच्या घरी उतरते. मामांच्या जुन्या मोबाइलवर ती मला दिवलीबाईंचा आवाज ऐकवते. मला त्यातला एक शब्द कळत नाही. शेवटी म्हातारी हसते, तेवढं कळतं. मग रिना मोबाइल पेटीत ठेवते आणि वर्गाला निघते.